‘किती लवकर?’ की ‘एवढ्यात बसेल का?’ – समांतर मशीनांच्या मॉडेलाचे दोन अवतार

काही कामं काही मशीनांवर वाटायची आहेत. काम j ला p[j] तास लागतात, आणि ते मशीन i वर गेलं तर x[i,j] = 1, नाहीतर 0. प्रत्येक काम एकाच मशीनवर. इथपर्यंत कुणाचा वाद नाही. वाद पुढे आहे: शेवटचं काम संपायची वेळ C हा व्हेरिएबल ठेवून तो कमीत कमी करायचा, की T हा आकडा आधीच ठरवून ‘सगळी कामं T तासांत बसतात का?’ एवढंच सॉल्व्हरला, म्हणजे असं मॉडेल सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारायचं?

```
पहिली पद्धत                      दुसरी पद्धत
min C                            (उद्दिष्ट रिकामं)
sum_i x[i,j] = 1                 sum_i x[i,j] = 1
sum_j p[j]*x[i,j] <= C           sum_j p[j]*x[i,j] <= T
```

कागदावर फरक एका अक्षराचा. मी सुमारे वर्षभर पहिली वापरली, आता बहुतेक वेळा दुसरी वापरतो. पण पहिली वाईट आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुमची कामं वेगळ्या जातीची असतील तर हा सगळा लेख तुम्हाला गैरलागूही ठरेल. ते कधी, ते पुढे येईलच.

आधी ज्या गोष्टीने मी वैतागलो ती. भोसरीतल्या एका जॉब-शॉपसाठी मी आठवड्याचं नियोजन करून देत असे. नऊ व्हीएमसी मशीन, सगळी जवळपास सारखी, आणि त्या आठवड्यात तेवीस कामं. सेटिंगचा वेळ कामाच्या तासांतच धरलेला. संध्याकाळी मॉडेल लावलं. मिनिटाभरात हायज सॉल्व्हरने चांगली वाटणी दिली. मग लॉगमध्ये `BestSol`, म्हणजे आतापर्यंतचं सर्वांत चांगलं उत्तर, जागेवर; `BestBound`, म्हणजे ज्याच्या खाली उत्तर जाऊच शकत नाही ती मर्यादा, जागेवर; आणि दोन्हींतला `Gap` चार-पाच टक्क्यांवर ठाण मांडून बसलेला. रात्रभर संगणक तापला, सकाळी आकडे तेच. शेठ विचारत होते, “अहो, ते टक्के राहू द्या. एक तास आधी गाडी भरता येते की नाही, तेवढं सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटणी होती, पण ती शेवटची की अजून काही निघेल, ते सांगता येत नव्हतं.

हे का होतं ते छोट्या उदाहरणात नीट दिसतं. तीन सारखी मशीन, सात कामं, तास असे: 11, 10, 10, 9, 7, 4, 3. बेरीज 54, म्हणजे मशीनमागे सरासरी 18. सगळ्यांत मोठं काम आधी, आणि ते ज्या मशीनवर सर्वांत कमी भार आहे तिथे, ही जुनी रीत हाताने लावून पाहा. 11, 10, 10 तीन मशीनांवर. 9 एका दहावर, झाले 19. 7 दुसऱ्या दहावर, झाले 17. 4 अकरावर, झाले 15. 3 पुन्हा तिथेच, झाले 18. उत्तर 19. सॉल्व्हर लागलाच नाही.

आता प्रश्न एवढाच की 18 जमेल का. पहिल्या पद्धतीत सॉल्व्हर आधी x 0 किंवा 1 च असण्याची अट सैल करतो, म्हणजे काम तुकडे करून वाटायची मुभा देतो. तशी मुभा मिळाली की प्रत्येक कामाचा तिसरा हिस्सा प्रत्येक मशीनवर ठेवून C बरोबर 18 येतो. मशीन सारखी असली की ही सैल मर्यादा सरासरीच्या वर सहसा जातच नाही. पुढे फांद्या फोडताना, म्हणजे एकेक काम एकेका मशीनवर पक्कं करून पाहताना, 11, 10, 10 वेगवेगळ्या मशीनांवर पक्की केली, तरी उरलेल्या 23 तासांचे तुकडे 7, 8, 8 असे भरून मर्यादा पुन्हा 18वरच. 9 तासांचं काम अखंड ठेवायची सक्ती झाली की मगच ती हलते. आणि ही एक फांदी संपली तरी मशीनांची नावं बदलून तीच वाटणी आणखी पाच वेशांत समोर येते. तीन मशीनांना 6 वेश. माझ्या नऊ मशीनांना 3,62,880. सात कामांचं हे उदाहरण कुठलाही सॉल्व्हर डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडवेल, पण रात्र खाणारं यंत्र हेच.

दुसऱ्या पद्धतीत T = 18 टाका. उजवीकडे व्हेरिएबल नाही, ठोस आकडा आहे, त्यामुळे सॉल्व्हरला लगेच दिसतं की 11, 10, 10, 9 यांपैकी कुठलीही दोन एका मशीनवर मावत नाहीत. सगळ्यांत लहान जोडी 10 + 9, तीही 19. म्हणजे या चारांपैकी एका मशीनवर फार तर एक. मशीन तीन, कामं चार. विषय संपला, उत्तर ‘नाही’. फांद्या फोडायची वेळच येत नाही. शिवाय 11, 10, 10 ही एकमेकांशी न जमणारी त्रयी मशीन 1, 2, 3 वर आधीच बांधून टाकता येते, आणि मशीनांच्या अदलाबदलीच्या सहा वेशांपैकी पाच तिथेच गळून पडतात. T = 19 ला 10 + 9 बसतं, पण ही त्रयी तरीही न जमणारीच राहते, म्हणजे बांधणं तिथेही चालतं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की पहिल्या पद्धतीलाही हे शिकवता येतं. कामं उतरत्या क्रमाने लावली तर m मशीनांसाठी m-व्या आणि (m+1)-व्या कामाच्या वेळांची बेरीज ही C ची खालची मर्यादा असते; इथे 10 + 9 = 19. ही एक ओळ घाला, काम झालं. तास पूर्णांक असतील तर C ही पूर्णांक म्हणून जाहीर करा, म्हणजे 19 हातात आल्यावर सॉल्व्हर 18 किंवा कमीच शोधतो आणि तोही आकडा ठोस म्हणून वापरू शकतो. महागडे सॉल्व्हर मशीनांच्या अदलाबदलीची ही सममितीही बरीच ओळखतात. माझं म्हणणं इतकंच की अशा मर्यादा हाताने किती शोधत बसायच्या? दोन-दोन कामांच्या टकरी मी शोधल्या, तर तीन-तीनच्या राहून गेल्या. T ठोस असला की ही शोधाशोध बऱ्याच अंशी सॉल्व्हर स्वतःच करतो, निदान माझा तरी असाच अनुभव.

मशीन वेगवेगळ्या वयाची असतील तर तराजू आणखी झुकतो. समजा एक काम तिन्ही मशीनांवर 12 तासांचं आहे आणि बाकी कामं किरकोळ. पहिल्या पद्धतीची सैल मर्यादा त्या कामाचे तीन तुकडे करून 4 तास म्हणते. हे हास्यास्पद आहे, पण गणित तसंच आहे. m मशीन असतील तर फरक m पट. दुसऱ्या पद्धतीत ज्या मशीनवर कामाला T पेक्षा जास्त वेळ लागतो तिथला x[i,j] सरळ काढून टाकायचा. T = 11 ला त्या कामाला घरच उरत नाही. ही युक्ती नवी नाही. लेन्स्त्रा, श्मॉइस आणि टार्डोस यांनी 1990 साली नेमकं हेच केलं: T धरायचा, न मावणारे जोडे काढायचे, सैल मॉडेल सोडवायचं आणि अपूर्णांक असे पूर्ण करायचे की कुठलंही मशीन 2T च्या पुढे जाऊ नये. एकाच कामाला मशीनागणिक वेगळा वेळ लागत असला तरी चालणारी दुपटीची हमी तिथून आली.

दुसऱ्या पद्धतीचा त्रासही सांगतो. वेळेची मर्यादा संपली आणि लॉगमध्ये `Time limit reached` आलं, तर हातात काहीच नाही, ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. पहिली पद्धत निदान एक वाटणी देऊन जाते. म्हणून सुरुवातीची वाटणी मी नेहमी मोठं-आधी या रीतीने काढून बाजूला ठेवतो. सारख्या मशीनांवर ती इष्टतमाच्या 4/3 − 1/(3m) पटीपलीकडे जात नाही, हे ग्रॅहॅम यांनी 1969 मध्ये दाखवलं आहे. प्रत्यक्षात ती बहुधा बरीच जवळ असते. `Infeasible` आणि वेळ संपणं यांतला फरक लॉगमध्ये डोळ्यांनी वाचा. मी एकदा घाईत वेळ संपल्यालाच ‘नाही’ समजलो आणि एका आठवड्याला दोन तास वाया घालवले.

T चे आकडे कसे निवडायचे? पुस्तकी उत्तर म्हणजे वरची आणि खालची मर्यादा धरून दरवेळी अर्ध्यावर तोडणं. मी मात्र हातातल्या वाटणीच्या एक तास खाली T धरतो. ‘हो’ आलं की मिळालेल्या वाटणीचा प्रत्यक्ष कमाल भार घेतो आणि पुन्हा एक खाली. ‘हो’ सहसा लवकर येतं, जीव खातं ते ‘नाही’. या उतरंडीत ‘नाही’ एकदाच सिद्ध करावं लागतं. वेळा मिनिटांत असतील तर मात्र एकेक पायरी परवडत नाही, तिथे अर्ध्यावर तोडणंच बरं, किंवा पाव तासाला वर गोल करून घ्या.

आता गैरलागू कधी, ते. मशीनमागे दहा-पंधरा लहान कामं असतील तर फटी भरायला माल भरपूर असतो, सरासरीजवळची वाटणी लगेच सापडते आणि `Gap` मिटतो. तिथे पहिली पद्धतच लावा, एका दमात काम होतं. मला छळलं ते मशीनमागे दोन-तीन मोठी कामं असलेल्या आठवड्यांनी.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. दुसऱ्या पद्धतीत उद्दिष्टाची जागा रिकामी असते. शेठांची नऊपैकी दोन मशीन रात्रपाळीला माणूस मागतात. शनिवारची गाडी भरायला T किती हवा ते शेठ स्वतःच सांगतात. मी त्या रिकाम्या जागी या दोन मशीनांवरचे तास लिहितो आणि ते कमीत कमी करायला सांगतो. गेल्या महिन्यात एका आठवड्याला त्यातलं एक मशीन पूर्ण मोकळं निघालं. सुपरवायझरने त्याच आठवड्यात त्याचा स्पिंडल उघडून घेतला.