अमीटर की व्होल्टमीटर: ओहमच्या नियमाची तोंडी परीक्षा

वर्कशीटवरच्या आकृतीत अमीटर रोधाशी एकसर जोडलेला दिसतो, व्होल्टमीटर समांतर. परीक्षक विचारतात, असं का? अमीटरचा रोध अगदी कमी असतो, म्हणून परिपथातली धारा फारशी न बदलता तो ती मोजतो. व्होल्टमीटरचा रोध खूप जास्त. तो स्वतःकडे जेमतेम धारा ओढतो.

खरा कस पुढच्या प्रश्नात लागतो: दोघांची अदलाबदल केली तर? बरीच मुलं ‘अमीटर जळेल’ म्हणतात. पण आता व्होल्टमीटर एकसर आल्याने धाराच जवळपास थांबते. अमीटरचा काटा शून्याजवळ राहतो आणि व्होल्टमीटर जवळपास बॅटरीइतकं विभवांतर दाखवतो. अमीटर जळण्याचा धोका तो थेट बॅटरीला समांतर जोडल्यावर असतो.