शिबं बरी झाली, फोटो कोडाचा म्हणून विकला

सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणारा 26 वर्षांचा मुलगा. उन्हाळा संपता संपता त्याच्या मानेवर, छातीवर आणि पाठीवर फिकट डाग उठले. दिवसभर अंगाला चिकटलेला टेरिकॉटचा युनिफॉर्म, वर घाम. घरच्यांनी एकच शब्द उच्चारला: कोड. स्टँडजवळच्या भिंतीवर ‘पांढरे डाग मुळासकट घालवा’ अशी पाटी होती. आधी 3,000 रुपये, मग दर महिन्याला 4,500 असे चार महिने. एकूण 21,000. त्या बदल्यात एक चूर्ण, लेबल नसलेली मलमाची डबी, आणि दही-मासे बंद.

डाग गेले. फसवणूक इथेच आहे, कारण त्याला कोड नव्हतंच. ती शिबं होती.

शिबं ही त्वचेवर एरवीही राहणाऱ्या मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीने येतात. घाम आणि तेलकटपणा मिळाला की ती वाढते आणि त्वचेचा रंग तयार होणं मंदावतं. डाग खडूसारखे पांढरे नसतात, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा कधी तपकिरी असतात. लहान ठिपके एकमेकांत मिसळून नकाशासारखे पसरतात. डागाची त्वचा दोन बोटांनी ताणा किंवा नखाने हलकेच खरवडा, पिठासारखा बारीक भुसा सुटतो. (नुकतीच घासून अंघोळ केली असेल तर दिसणार नाही.) डागातले केस मात्र काळेच राहतात.

कोडात रंग तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. डाग दुधासारखा पांढरा, कडा ठळक, वर भुसा नाही, त्वचा गुळगुळीत. तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखा येतो: डोळ्यांभोवती, ओठांवर, बोटांच्या टोकांवर, गुडघ्या-कोपरांवर. डागातला केस पांढरा झाला असेल तर संशयाला फारशी जागा उरत नाही.

शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ भुसा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाखाली बघतात, बुरशीचे धागे दिसतात. वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात कोड निळसर पांढरं चमकतं, शिबं पुष्कळदा पिवळसर. डागावर कापसाचा स्पर्श कळत नसेल तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी आधी करा. सरकारी दवाखान्यात ती आणि उपचार मोफत होतात.

या मुलाला केटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू पुरेसा होता: ओल्या अंगावर लावायचा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असं पाच दिवस. खर्च काहीशे रुपये. त्या डबीतही बुरशीवरचंच काहीतरी असणार, कारण भुसा दोन आठवड्यांत थांबला होता. पण बुरशी मेली तरी रंग लगेच परत येत नाही, त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. वैदूने पैसे घेतले ते याच थांबण्याचे. रंग आपोआप भरत होता आणि दर महिन्याला नवी पुडी खपत होती. शिवाय पुढच्या उन्हाळ्यात शिबं पुन्हा येऊ शकतात, हे त्याने सांगितलंच नाही.

त्याच मुलाचे आधीचे-नंतरचे फोटो मग पंचवटीतल्या एका बाईंना दाखवले गेले. त्यांना खरोखरच कोड होतं, ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर. फोटो खोटे नव्हते, फक्त आजार दुसरा होता. त्यांना बावचीचं तेल दिलं आणि ते लावून दुपारी गच्चीत बसायला सांगितलं. बावचीत सोरॅलेन असतं, ते ऊन कित्येक पटींनी झोंबवतं. तिसऱ्या दिवशी बोटांवर फोड आले, आणि फोड भरले तिथे पांढरा भाग आधीपेक्षा मोठा झाला. कोड वाढत असताना भाजलं-खरचटलं तर त्या जागी नवा डाग उमटू शकतो. त्यांचे 18,000 गेले आणि चार महिनेही.

कोडावर खरे उपचार आहेत, पण सावकाश काम करणारे: टॅक्रोलिमस किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड मलम, आणि आठवड्यातून दोन-तीनदा नॅरोबँड यूव्हीबी प्रकाश. काही फरक पडतोय का हे कळायलाच तीन महिने लागतात. रंग केसांच्या मुळांपाशी काळ्या ठिपक्यांनी परत येतो. चेहरा चांगला भरतो, पण ओठ आणि बोटांची टोकं सर्वांत हट्टी, कारण तिथे केसच नाहीत. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घेतात. डाग वर्षभर स्थिर असतील तर त्वचारोपणाचा विचार होतो.

कोड बरं करण्याची जाहिरात करणं 1954 च्या औषधी व जादुई उपाय कायद्याने मुळात बंद आहे, तेव्हा भिंतीवरची पाटीच पुरावा असते. तिचा फोटो आणि पैशांची पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पावती देत नसेल तर पैसे यूपीआयने द्या. आणि कुणी बरे झालेल्यांचे फोटो पुढे केले, तर छाती-पाठीचे बाजूला ठेवून बोटांच्या टोकांचे मागा.