बिकिनी लाइनसाठी ट्रिमर : सात महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबरात पोहण्याच्या साडेसहाच्या लेडीज बॅचला नाव घातलं, तेव्हा थंडी सोडून दुसरी कसली काळजी करावी लागेल असं वाटलं नव्हतं. कॉश्चूम मी मुद्दाम मांडीपर्यंतचा न घेता साध्या कटचा घेतला, कारण लांब पायाच्या कॉश्चूममध्ये मला गुडघ्यापाशी घट्ट बांधल्यासारखं होतं. आता साधा कट म्हणजे जांघेच्या कडेचे केस काढणं आलं. पहिले दोन महिने घरातलं रेझर वापरलं. शुक्रवारी रात्री आंघोळीत काढायचे, शनिवारी पोहायचं, रविवारी लाल ठिपके आणि आग, आणि बुधवारपर्यंत त्यातल्या दोन-तीन ठिपक्यांच्या टणक पुळ्या. स्कूटीवर बसताना तोंड वेडंवाकडं व्हायचं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं गुळगुळीत हवंय कोणाला? ट्रिमर वापरा आणि थोडे केस राहू द्या." हा सगळा अनुभव त्या "थोडे केस राहू द्या" या तीन-चार शब्दांचाच आहे.

रेझरमध्ये काय होतं हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं होतं. आपण कातडी ताणतो, पातं केस किंचित वर ओढून कापतं, आणि ताण सोडला की कापलेलं टोक कातडीच्या पातळीच्या खाली जातं. या भागातले केस जाड आणि वळणाचे. ते अणकुचीदार टोक सरळ बाहेर यायच्या ऐवजी वळून कातडीतच घुसतं, आणि शरीर त्याला काटा टोचल्यासारखं वागवतं. त्याच्या वर कॉश्चूमचं इलॅस्टिक नेमकं त्याच रेषेवर घासतं. ट्रिमरचं पातं मात्र दात्यांच्या मागे असतं, त्यामुळे साधारण अर्धा मिलिमीटर केस बाहेर राहतो. बाहेर राहिलेला केस आत वळण्याची शक्यता बरीच कमी होते.

मी घेतला तो छोटा, बॉडीसाठीचा, गोलसर टोकाच्या दात्यांचा, तीन आणि पाच मिमीच्या कंगव्यांसह. साधारण चौदाशे रुपये. आधी नवऱ्याचा दाढीचा ट्रिमर वापरून पाहिला होता. ते पातं रुंद, जांघेच्या घडीत बसतच नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडाला लागलेली वस्तू तिथे लावणं हा विचारच नको. नव्या डब्यावर "ही आपली वस्तू नाही" अशी पाटी लावली. पुण्यात राहून पाटीशिवाय भागत नाही.

पद्धत बसायला दोन महिने गेले. आता रविवारी संध्याकाळी, आंघोळीच्या आधी, कोरड्या केसांवर करते. ओले केस कातडीला चिकटतात आणि दात्यांत नीट येत नाहीत. आधी कोरडा कॉश्चूम घालून कडेला बोट फिरवून रेषा पाहून घेते. जेवढे बाहेर दिसतात तेवढेच काढायचे, अंदाजाने आत-आत जायचं नाही, नाहीतर घासणारा भाग वाढतो. मग तीन मिमीचा कंगवा लावून संपूर्ण पट्टा एकसारखा करते, आणि फक्त कडेची बोटभर रुंदीची पट्टी कंगव्याशिवाय.

बाथरूममध्ये एक पाय स्टुलावर, गुडघा बाहेरच्या बाजूला. डाव्या हाताने कातडी सपाट करायची. गंमत अशी, की कातडी ताणणं रेझरला त्रासदायक आणि ट्रिमरला आवश्यक. सैल घडी दात्यांच्या मधे आली तर चिमटा बसतो आणि रक्त येतं. घडी मांडीच्या आतल्या बाजूला वळते तिथे केसही दिशा बदलतात. तिथे बोटाने उलटसुलट फिरवून पाहते, खरखरीत लागेल ती उलटी बाजू. ट्रिमर उलट्या दिशेने फिरवला तरच केस दात्यांत नीट येतात, पण पातं फक्त टेकवायचं, दाबायचं नाही. एका जागी एकदा, फार तर दोनदा.

हे "दाबायचं नाही" मला जानेवारीत समजलं. कोकणात दोन दिवस जायचं ठरलं होतं, आणि मला वाटलं, या वेळी जरा साफ दिसू दे. पातं उभं धरून घडीवर चार-पाच वेळा फिरवलं. पहिली खूण तेव्हाच होती: पातं गरम लागायला लागलं होतं. मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला एक बारीक काप आणि भोवती रेझरसारखेच लाल ठिपके. समुद्रात जाताना त्या कापाने जो झटका दिला, तो अजून आठवतो. ट्रिमरने त्रास होतो तो असा, हव्यासाने. केस काळसर टोकांसारखे दिसतात हे खरं. हात फिरवला तर खरखरीत लागतात. पूर्ण गुळगुळीत हवं असेल तर ही वस्तू घेऊ नका, वॅक्सिंग करा आणि त्याचा वेगळा त्रास सोसा.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ट्रिमर आल्यानंतरही महिनाभर अधूनमधून एखादी पुळी यायची. तलावावर गर्दी असली की मी ओल्या कॉश्चूमवर पंजाबीची सलवार चढवून स्कूटीवर कोथरूडपर्यंत यायची. वीस मिनिटं ओलं इलॅस्टिक आणि सीटचं घर्षण. आता कितीही रांग असली तरी शॉवर घेऊन, कोरड्या सुती कपड्यांतच निघते. तेव्हापासून फक्त दोनदा पुळी आली. दोन्ही वेळा मी नखाने उकरली नाही, कोमट फडक्याने शेकलं, चार दिवसांत बसली. पुळी वाढत गेली, गरम आणि ठणकणारी झाली, पू आला किंवा ताप आला, तर घरगुती उपाय करत बसू नका.

ट्रिम केल्यावर चोवीस तास तरी पाण्यात जात नाही, म्हणून रविवार. सोमवारी सुट्टी, मंगळवारी बॅच. क्लोरिनचं पाणी नुकत्याच कापलेल्या कातडीला चुरचुरतं. सुगंधी लोशन आणि डिओडरंट त्या दिवशी बंदच. नंतर फक्त कोमट पाणी आणि हलकं मॉइश्चरायझर.

ट्रिमरबद्दल तक्रार आहे ती बॅटरीची. सुरुवातीला चार्ज केल्यावर पाच-सहा वेळा चालायचा, आता तीन वेळा. चार्ज उतरला की तो बंद पडत नाही, हळू चालतो, आणि हळू चाललेलं पातं केस कापायच्या ऐवजी ओढतं. आवाज जरा जाड झाला की मी थांबते आणि चार्जला लावते. ओढल्यासारखं पूर्ण चार्ज असूनही झालं, तर पात्यात केस अडकलेत किंवा तेल संपलंय. दर वेळी पातं काढून जुन्या टूथब्रशने झाडते, महिन्यातून एकदा सोबत मिळालेल्या तेलाचा एक थेंब. गेल्या पावसाळ्यात ज्यांच्याकडे हा होता, त्या मैत्रिणीने सांगितलंय की बाथरूमच्या फळीवर ठेवू नकोस, दात्यांना गंज येतो. म्हणून तो कपाटात आहे.

पातं मात्र आता बोथट व्हायला लागलंय, आणि त्याचं सुटं पातं कर्वे रोडवरच्या तीन दुकानांत मिळालं नाही. एकाने "मॅडम, नवीनच घ्या की" असं सांगितलं. साधारण याच किमतीचा, नुसतं पातं बदलता येईल असा कुठला मॉडेल कुणी वापरत असेल, तर लिहा.