सेटिरिझिन की फेक्सोफेनाडिन?

दिवाळीआधी माळा काढायचा म्हटलं की धुळीने शिंका सुरू होणाऱ्यांनी यांपैकी एक ॲलर्जीची गोळी आधीच घ्यावी. शरीरातलं शिंका आणणारं हिस्टामिन एकदा सुटलं की त्याने केलेला त्रास गोळी पुसून काढत नाही, पुढचा अडवते.

१० मिलिग्रॅमची सेटिरिझिन स्वस्त, तासाभरात लागू पडते आणि साधारण दिवसभर पुरते. पण थोडी मेंदूपर्यंत पोचते, म्हणून काहींना झापड येते. रविवारी सकाळी नऊला सफाई असेल, तर ती शनिवारी रात्री झोपताना घ्यावी. गुंगीचा मोठा भाग झोपेतच सरतो. तरी पहिल्यांदा घेताना दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नसेल असा दिवस निवडा. झोप आली नाही तरी ब्रेक उशिरा लागू शकतो, आणि अभ्यासात तोच परिच्छेद पुन्हापुन्हा वाचावा लागतो. चहाने हे जात नाही. दारू तर नकोच.

फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ शिरत नाही. परीक्षा किंवा घाटातली गाडी असेल तर मी हीच निवडेन, महाग असली तरी. मोठ्यांना १२० मिलिग्रॅम, निघण्याआधी दोनेक तास. मात्र साध्या पाण्यासोबतच, कारण संत्र्या-सफरचंदाच्या रसाने ती कमी शोषली जाते. ॲसिडिटीचं औषधही दोन तास लांब ठेवा. गोळी ‘चालली नाही’ म्हणणाऱ्यांना आधी हेच विचारावं.

नाक चोंदत असेल तर दोन्ही तोकड्या पडतात. मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डोस डॉक्टरच ठरवतील.