आगळाचा ब्रँड: घरोघरी भरायचा की एकत्र?

पेडण्यातल्या एका बचतगटाला हॉटेलांना कोकमाचं आगळ द्यायचंय. ब्रँड एकच, पण प्रत्येकीने घरी बाटल्या भरून लेबल लावायचं, की सगळ्यांचं एकत्र करून कॅन भरायचे?

चवीवरच खरा निकाल लागतो. एकीचा हात मिठाला सैल, दुसरीचा आखडता. घरचं गिऱ्हाईक ते चालवून घेतं. हॉटेलचा आचारी मापाने सोलकढी करतो. एक कॅन खारट निघाला की पुढची ऑर्डर गेलीच. एकत्र करायचं तर सालींच्या वजनावर मीठ ठरवा, प्रत्येकीचं आगळ आधी चाखा आणि मगच मिसळा. एक बिघडलेला डबा सगळा माल नासवतो, म्हणून कोणाचं कुठल्या बॅचमध्ये गेलं ते वहीत हवंच.

पैशाचं गणित उलटं आहे. समजा हॉटेलला महिन्याला 20 लिटर लागतं, म्हणजे वर्षाला 240. हे सगळं एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी करून ठेवायचं. बिल मात्र महिन्यामहिन्याने, तेही उधारीवर. बाटली जत्रेत रोख विकली जाते.

हाताशी भांडवल नसेल तर घरच्या बाटल्याच बऱ्या. साठवणीची जागा आणि सालींचे पैसे बायकांना लगेच देण्याइतकी गटाची शिल्लक असेल, तर एकत्र कॅन.