पावसाळाभर वापरलेलं स्कॅनर ॲप: कोपरे छान ओढतं, पण शब्दकोड्याच्या रेघा खातं

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हापासून हे ॲप वापरतेय, फुकटचं. खानापुरात घरी सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. शाळेतून वर्कशीट येतं ते पालकांच्या ग्रुपवर, आणि पुष्कळदा कुणीतरी टेबलाच्या कडेला उभं राहून तिरपाच फोटो काढलेला असतो. धडा किंवा प्रश्नोत्तरं असली तर तिरपं चालतं, मान वाकडी करून वाचता येतं. शब्दकोडं मात्र तिरपं चालत नाही. तिथे घरं मोजायची असतात, आणि लांबच्या टोकाची घरं फोटोत चेपलेली दिसतात.

मागच्या महिन्यात अपडेट आलं आणि ॲप आपणहून प्रत्येक पानाला ब्लॅक अँड व्हाइट करायला लागलं. मूळ रंगातलं पान ठेवायचं तर आता पैसे. तक्रारीची मेल टाकली, उत्तरात वर्षाच्या प्लॅनची लिंक आली. परत लिहिलं, की मला प्लॅन नको, आधी होतं ते परत द्या. पुन्हा तीच लिंक. तेव्हा एक स्टार देऊन मोकळी झाले होते. आता तीन देतेय, आणि ते का ते सांगते.

या ॲपचं खरं काम कोपऱ्यांचं. फोटो उघडला की चार ठिपके दिसतात. ते पानाच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवायचे, मग ॲप लांबची बाजू ताणून पान चौकोनी करतं. ॲपने स्वतः ओळखलेल्या कोपऱ्यांवर विसंबू नका, खालच्या चादरीची शिवणसुद्धा ते पानाची कड समजतं. बोटाने ठिपके ओढा. सरळ झालं की नाही हे बघायची सोपी खूण म्हणजे सगळ्यांत लांब आडवा शब्द. त्याचं पहिलं आणि शेवटचं घर सारख्याच रुंदीचं दिसायला हवं. नसेल तर एखादा ठिपका सरकलाय, नाहीतर कागदच फुगलेला आहे. मधोमध घडी पडून उचललेलं पान चार कोपऱ्यांनी सरळ होत नाही, कारण ॲप कागद सपाट आहे असंच धरून चालतं. अशा वेळी पालकांना फोन करून कागद पाटावर दाबून फोटो काढायला सांगते, आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते. साध्या पाठवण्यात फोटो दाबला जातो आणि घराच्या कोपऱ्यातला बारीक आकडा आधी पुसट होतो. एकदा गेलेला आकडा कितीही ताणला तरी परत येत नाही.

आता तो ब्लॅक अँड व्हाइट. ऐन पावसात दुपारी चारलाच अंधारून येतं, फोटोवर फोन धरणाऱ्याचीच सावली असते. सावलीतला भाग ॲप काळा डाग करून टाकतं आणि उजेडातल्या बारीक रेघा पांढऱ्यात विरून जातात. बिलाच्या कागदावर याने काही बिघडत नाही. शब्दकोड्यात एक रेघ गेली की दोन घरांचं एक होतं आणि शब्द एका अक्षराने आखूड होतो. कन्नडच्या वर्कशीटमध्ये तर अक्षराखाली लटकणारी ओत्तक्षरं घराच्या खालच्या रेघेला चिकटून दिसेनाशी होतात.

आठवीतला एक मुलगा विज्ञानाचं कोडं घेऊन आला होता. वनस्पतींवरचं, इंग्रजीत, पाचच शब्दांचं. आडवे दोन: तीन नंबरला पानातलं हिरवं द्रव्य, पाच नंबरला जमिनीतून पाणी शोषणारा भाग. उभे तीन: एक नंबरला पानावरची सूक्ष्म छिद्रं, दोनला पाणी वाहून नेणारी ऊती, चारला अन्न वाहून नेणारी. फोटो उजवीकडे खाली कललेला होता, आणि दोन व चार हे आकडे वाचताच येत नव्हते.

"बाई, दोन नंबर कुठला हो?"

मी आधी एक नंबर मोजायला सांगितला. त्याने मोजली सहा घरं. STOMA पाच अक्षरांचा, STOMATA सात अक्षरांचा. सहात दोन्ही बसत नाहीत, म्हणजे उत्तराचा दोष नाही, रेघ गेलेली आहे. मूळ फोटो मोठा करून बघितला तर मधली रेघ फिकट का होईना, होती. घरं सातच.

मग आकडे. शब्दकोड्यात नंबर मनाला येईल तसे टाकत नाहीत. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे जायचं, ज्या घरातून एखादा शब्द सुरू होतो त्याला पुढचा नंबर. म्हणून आकडा पुसला तरी परत काढता येतो. पण हे कललेल्या फोटोवर करायचं नाही. कललेल्या फोटोत उजवीकडची वरची ओळ डावीकडच्या खालच्या ओळीपेक्षाही खाली दिसते, आणि क्रम उलटा लागतो. आधी कोपरे ओढून सरळ केलं. मग दिसलं, की उजवीकडचा उभा शब्द आडव्या तीन नंबरच्या एक ओळ वर सुरू होतो. तीनच्या आधी येणारा म्हणून तो दोन. दुसरा उभा शब्द त्या आडव्या शब्दाच्याच घरातून खाली जातो, त्याच ओळीत तीनच्या उजवीकडे, म्हणून तो चार.

तरी तो मुलगा चार नंबरमध्ये XYLEM लिहू म्हणाला, कारण फिल्टरने तिथलीही एक रेघ खाल्लेली होती आणि घरं पाचच दिसत होती. इथे आडव्या शब्दाने निकाल लावला. CHLOROPHYLL अकरा अक्षरांचा. चार नंबर त्याच्या सातव्या घरातून सुरू होतो, आणि सातवं अक्षर P. X तिथे बसणारच नाही, PHLOEM बसतो, सहा घरांत. दोन नंबर नवव्या घरातून जातो, तिथे Y, आणि XYLEM चं दुसरं अक्षर Y च. एक नंबर चौथ्या घरातून, O, तोच STOMATA चा तिसरा. खाली ROOT चा शेवटचा T हा STOMATA चा सहावा. मुलाने चौकोनी वहीत घरं परत आखली आणि मगच पेनने भरलं.

तेव्हापासून मुलांना सांगते, की घरांची संख्या जुळली एवढ्यावर उत्तर लिहायचं नाही, निदान एक छेदणारं अक्षर जुळायला हवं. मराठी कोड्यात हे जास्तच लागतं. तिथे घरात जोडाक्षर धरून एक अक्षर येतं, प्रकाशसंश्लेषण सात घरांत मावतं, आणि शब्द असे आखूड झाले की एकाच लांबीची बरीच उत्तरं सुचतात. आणखी एक: कोड्यात दोन शब्दांचं उत्तर मधली जागा न सोडता सलग येतं. GUARD CELLS ला दहा घरं. सोबत अक्षरसंख्या दिलेली नसेल तर मुलं एकाच दहा अक्षरी शब्दाच्या मागे लागतात. आणि हे नंबर लावणं तयार कोड्यांना लागू पडतं. एखाद्या शिक्षकाने हाताने आखून प्रश्नांच्या यादीप्रमाणे नंबर टाकले असतील तर फक्त छेदणाऱ्या अक्षरांचाच आधार उरतो.

पैसे भरलेले नाहीत, भरणारही नाही. आता ॲपमध्ये नुसते कोपरे ओढते, पान सरळ झालं की सेव्ह न करता त्याच पडद्याचा स्क्रीनशॉट घेते. फिल्टर त्याच्या पुढच्या पायरीवर लागतो, त्यामुळे रंग आणि रेघा दोन्ही शाबूत राहतात. वाढवलेले दोन स्टार या कोपऱ्यांच्या कामाचे. उरलेले दोन हवे असतील तर मूळ रंगात सेव्ह करायची सोय पहिल्यासारखी फुकट द्या, आणि मेलला लिंक सोडून उत्तर द्या.