अभ्यासिकेच्या दारावर कोणता कागद लावायचा?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेच्या दारावर एकच कागद मावतो, आणि मुलांनी आणून दिले दोन. तुमच्याकडेही असा प्रश्न असेल तर दोन्ही वाचा.

पहिला: ‘स्वप्नं मोठी ठेवा, थांबू नका, यश तुमचंच आहे!’ मागे बर्फाळ डोंगरावर उगवणारा सूर्य. (रंकाळ्यावरचा मावळता चालला असता की.)

हे वाक्य उलटं करून बघा. ‘स्वप्नं लहान ठेवा’ असा सल्ला कोण देतं? ज्याच्या उलट कोणीच बोलणार नाही, त्यातून काय निवडायचं ते कळत नाही. ‘थांबू नका’ तर कधी कधी चुकीचंच असतं. राज्यघटनेचं तेच पुस्तक चौथ्यांदा वाचणाऱ्यानं थांबायलाच हवं. पुन्हा पुन्हा वाचून मजकूर ओळखीचा होतो आणि आपल्याला येतंय असं वाटतं. पेपरात मात्र आठवत नाही. एक मुलगा म्हणाला, “सर, वाचून पाच मिनिटं भारी वाटतंय. मग करायचं काय?”

दुसरा: ‘रात्रीचं जेवण झालं की फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. आज वाचलेलं प्रकरण पुस्तक मिटून, आठवेल तेवढं, 15 मिनिटं एका पानावर लिहायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं भरायचं. उद्याची सुरुवात लाल ओळींपासून.’

यात जोर आहे तो ‘जेवण झालं की’ या शब्दांत. अमुक झालं की तमुक करायचं, असं आधीच ठरवलेलं असलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञानं 1990 च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं. या कागदाच्या पहिल्या मसुद्यात ‘पहाटे 5 ला उठून’ होतं. शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या मुलाला ते कसं जमणार? म्हणून घड्याळ काढून जेवण घातलं, आणि त्याच्या कागदावरचा ‘रात्रीचं’ हा शब्दही खोडला. त्याचं जेवण सकाळी होतं.

बिघडलं तर पानच सांगतं. सगळं पान लाल झालं तर एका बैठकीत फार वाचलंय, भाग निम्मा करा. लाल अजिबातच नसेल तर बहुतेक पुस्तक उघडं ठेवून लिहिलंय.

पण परीक्षा द्यायची की नाही हेच ज्याचं ठरलेलं नाही, त्याला दुसरा कागद उपयोगी नाही. त्याच्याशी बसून बोलावं लागतं. पेपरच्या आदल्या रात्री मात्र नवीन काही करायचं नसतं; तेव्हा सूर्याचा कागद बरा.

दारावर आम्ही दुसरा लावला. सूर्य पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलाय.